मशीन-तास तेवढेच, नग वाढले, नफा घटला: दोष नव्या मिक्सचा की बजेटच्या तक्त्याचा?

अनुजा_क

एका मशीन शॉपचा हिशोब मांडते आहे, मत हवे आहे. सीएनसी मशीन सहा, महिन्याला २५ दिवस, ८ तासांच्या दोन पाळ्या, म्हणजे २,४०० तास. सेटिंग, बंद वेळ वगैरे धरून ८० टक्के, म्हणजे १,९२० तास हाती येतात. सगळी मागणी पुरवायला २,३४० तास लागतील, त्यामुळे ४२० तासांची ओढ कायमची.

तीन वस्तू आहेत.

व्हॉल्व्ह बॉडी: विक्री ९०० रुपये, व्हेरिएबल खर्च ५४०, काँट्रिब्यूशन ३६०. एका नगाला १.५ तास. मागणी ८००.
फ्लँज: विक्री ५००, व्हेरिएबल ३२०, काँट्रिब्यूशन १८०. अर्धा तास. मागणी १,२००.
बुश: विक्री २६०, व्हेरिएबल १७०, काँट्रिब्यूशन ९०. ०.३ तास. मागणी १,८००.

फिक्स्ड खर्च ३,६०,०००.

बजेट करताना नगामागे जास्त काँट्रिब्यूशन देणारी बॉडी आधी धरली होती: बॉडी ८००, फ्लँज १,२००, उरलेल्या १२० तासांत बुश ४००. काँट्रिब्यूशन ५,४०,०००. मग मशीन-तासामागच्या काँट्रिब्यूशनवर क्रम लावला आणि मिक्स बदलला: फ्लँज १,२००, बुश १,८००, बॉडी ५२०. तास पुन्हा १,९२०च.

महिनाअखेर आकडे आले. विक्री ठरल्या दरानेच, १५,३६,०००. व्हेरिएबल खर्च १०,०५,०००. काँट्रिब्यूशन ५,३१,०००, म्हणजे बजेटपेक्षा ९,००० कमी. त्यावर फ्लेक्सिबल बजेटचा तक्ता म्हणतो की व्हेरिएबल खर्चात २,९१,५३३ रुपयांची बचत झाली आणि विक्री विभागाने मिक्स बिघडवून २,२६,८०० घालवले. तक्ता एकूण नगांवर फ्लेक्स केलेला आहे, २,४०० वरून ३,५२० नग. वरिष्ठ म्हणतात, जुन्या मिक्सवर परत चला. जावे का?

शून्य_शिल्लक

बॉडीला ४० टक्के पी/व्ही रेशो आहे, फ्लँजला ३६ आणि बुशला साडेचौतीस. बॉडीच आधी. यात विचारण्यासारखे काय आहे?

मिलिंग_मास्तर

@शून्य_शिल्लक, तो क्रम विक्रीच्या रुपयांची टंचाई असेल तेव्हाचा. इथे टंचाई तासांची आहे. बॉडी तासाला २४० देते, फ्लँज ३६०, बुश ३००. बॉडी नगाला जास्त देते खरी, पण त्यासाठी दीड तास मशीन अडवून बसते. त्या दीड तासात पाच बुश निघतात, म्हणजे ४५०.

खर्चवही

अनुजाताई, तुमच्या तक्त्यात एकच चूक आहे, पण ती सगळ्या ओळींत पसरली आहे. त्याने तीन वेगळ्या वस्तूंचा मिळून एक सरासरी नग तयार केला आहे.

बजेटमधला व्हेरिएबल खर्च ८,८४,०००. भागिले २,४०० नग म्हणजे नगाला ३६८ रुपये ३३ पैसे. गुणिले ३,५२० म्हणजे १२,९६,५३३. पण वाढलेले नग सगळे १७० रुपयांचे बुश आहेत आणि कमी झालेले नग ५४० रुपयांच्या बॉडी. ३६८ रुपयांचा नग कारखान्यात कुठेच तयार होत नाही. म्हणून १०,०५,००० खर्च होऊनही तक्त्याला बचत दिसते.

खरे फ्लेक्स बजेट असे: प्रत्येक वस्तूचे प्रत्यक्ष नग गुणिले तिचा स्वतःचा प्रमाण खर्च. बॉडी ५२० × ५४० = २,८०,८००. फ्लँज १,२०० × ३२० = ३,८४,०००. बुश १,८०० × १७० = ३,०६,०००. बेरीज ९,७०,८००. प्रत्यक्ष १०,०५,०००. म्हणजे खर्च ३४,२०० रुपयांनी जास्त झाला आहे. २.९१ लाखांची बचत सांगणाऱ्या तक्त्यामागे ही ३४,२०० ची गळती लपली आहे, आणि मला काळजी तिची वाटते.

शीटमध्ये नग C स्तंभात आणि प्रमाण खर्च D मध्ये असेल तर एवढेच पुरते:

```
=SUMPRODUCT(C2:C4,D2:D4)
```

आता मिक्सकडे या. नगांवर मोजले की तक्ता म्हणतो: १,१२० नग जास्त विकले, सरासरी काँट्रिब्यूशन २२५, म्हणून व्हॉल्यूमचा फायदा २,५२,००० आणि मिक्सचा तोटा २,२६,८००. हे दोन्ही आकडे पोकळ आहेत. त्यांची बेरीज २५,२०० मात्र खरी आहे. तीच गोष्ट तासांवर मोजा: बजेटला १,९२० तास, प्रत्यक्ष उत्पादनाचे प्रमाण तास १,९२०. व्हॉल्यूम व्हेरियन्स शून्य, मिक्सचा फायदा २५,२००. बॉडीचे ४२० तास २४० च्या कामावरून ३०० च्या कामावर गेले, तासाला ६० रुपये प्रमाणे तेवढेच येतात.

म्हणजे विक्री विभागाने २५,२०० कमावून दिले आणि कारखान्यात ३४,२०० जास्त खर्च झाले. ९,००० ची घट अशी आली.

धातुकाम

+१. अडचणीचे साधन तास असेल तर मिक्सही तासांतच मोजायला हवा. नगांत मोजला तर छोटा नग विकणारा नेहमीच दोषी ठरतो.

नफा_नोंद

मला हे अर्धेच पटते. फिक्स्ड खर्च कोण भरणार? १,९२० तासांवर ३,६०,००० म्हणजे तासाला साडेसत्त्याऐंशी... माफ करा, १८७.५० रुपये. ते वजा केल्याशिवाय वस्तूचा नफा कळतच नाही. वजा केले की बॉडीला तासाला फक्त ५२.५० उरतात. मग बॉडी बंदच का करू नये?

खर्चवही

@नफा_नोंद, तुम्ही फिक्स्ड खर्च मशीन-तासांवर वाटलात, त्यामुळे क्रम बिघडला नाही. तिन्ही वस्तूंच्या तासामागच्या आकड्यातून तोच १८७.५० गेला: ५२.५०, १७२.५०, ११२.५०. क्रम तोच राहिला. मजुरीवर किंवा विक्रीच्या रकमेवर वाटला असता तर क्रमही हलू शकला असता.

पण पुढचा निर्णय मात्र चुकेल. बॉडी बंद केली तर ७८० तास रिकामे पडतील आणि फिक्स्ड खर्च एक रुपयानेही घटणार नाही. १,८७,२०० चे काँट्रिब्यूशन तेवढे जाईल.

ओव्हरटाइमचेही तसेच. समजा जादा तासाला नेहमीच्या व्हेरिएबल खर्चाच्या वर १५० रुपये लागतात. तुमच्या ५२.५० शी तुलना केली तर ओव्हरटाइम नाकारावा लागेल. खरी तुलना २४० शी आहे, कारण जादा मिळणारा तास न पुरवलेल्या बॉडीवर जाईल आणि फिक्स्ड खर्च आधीच भरलेला आहे. तासाला ९० उरतात. ४२० तासांना ३७,८००. ४२० च्या पुढे मात्र जादा तासाची किंमत शून्य, कारण मागणीच संपते.

शून्य_शिल्लक

ओव्हरटाइमपेक्षा बुश बाहेर जॉबवर्कला द्या. बाहेरून बुश १९४ ला मिळत असेल तर आपल्या १७० पेक्षा फक्त २४ रुपये जास्त. बॉडी बाहेरून ६४० ला, म्हणजे १०० रुपये जास्त. २४ स्वस्त की १०० स्वस्त?

मिलिंग_मास्तर

नगाला बघून पुन्हा तीच गफलत. २४ रुपये देऊन किती तास मोकळे झाले? ०.३. म्हणजे तासाला ८० रुपये. बॉडीला १०० देऊन दीड तास मोकळा, म्हणजे तासाला ६७. ४२० तास मोकळे करायला १,४०० बुश बाहेर द्यावे लागतील, जादा खर्च ३३,६००. तेच २८० बॉडी दिल्या तर २८,०००.

बाहेर काय द्यायचे याचा क्रम आणि आत काय करायचे याचा क्रम हे दोन वेगळे हिशोब आहेत. आत ठेवताना तासामागचे काँट्रिब्यूशन बघायचे, बाहेर देताना वाचलेल्या तासामागचा जादा खर्च.

तुम्ही धरलेल्या दरांत बॉडी बाहेरून करून घेतली तर नगाला २६० उरतात, २८० नगांचे ७२,८००. ओव्हरटाइमच्या ३७,८०० पेक्षा बरेच जास्त. अर्थात बाहेरचा माणूस प्रेशर टेस्टला टिकणारी बॉडी देतो का, हे आधी पाहावे लागेल. गळणारी बॉडी परत आली तर २६० कुठल्या कुठे जातील.

साचेकार

आमचा प्रश्न असाच आहे म्हणून विचारतो. प्लास्टिक मोल्डिंग, १५० टनाच्या तीन मशीन आणि ३५० टनाच्या दोन. सगळे तास एकत्र करून तासामागचे काँट्रिब्यूशन काढले आणि क्रम लावला. तरी ३५० टनाच्या मशीनवर रांग लागते आणि १५० टनाच्या अधूनमधून रिकाम्या असतात. चूक कुठे आहे?

खर्चवही

@साचेकार, तास एकत्र केलेत तिथेच. १५० टनाचा तास ३५० टनाच्या साच्याला उपयोगी नाही, तेव्हा तुमच्याकडे एक नव्हे, दोन मर्यादा आहेत. जे साचे फक्त ३५० वरच चढतात त्यांचा क्रम ३५० च्या तासांवर लावा. १५० च्या मशीन रिकाम्या राहत असतील तर तिथे तासाची टंचाईच नाही, तिथे काँट्रिब्यूशन धन असलेले प्रत्येक काम घ्या. जे साचे दोन्हीकडे चालतात ते आधी १५० वर ढकला, सायकल थोडी लांबली तरी.

दोन्ही गट एकाच वेळी भरलेले असतील आणि बरेच साचे दोन्हीकडे चालत असतील तर हाताने क्रम लावणे जमत नाही. एक्सेलच्या Solver मध्ये Simplex LP निवडून सोडवा. उत्तराबरोबर Sensitivity Report घ्या. त्यात Shadow Price या रकान्यात प्रत्येक गटाच्या जादा तासाची किंमत येते, आणि ती किती तासांपर्यंत खरी आहे तेही शेजारी येते. लोक किंमत वाचतात, मर्यादा वाचायची राहते.

साचेकार

धन्यवाद. आमचे निम्मे साचे दोन्हीकडे चालतात, पण १५० वर शॉर्ट शॉट येतात म्हणून ऑपरेटर चढवत नाहीत. ते आधी तपासतो.

विक्री_वारा

विक्रीच्या बाजूने बोलतो. अनुजाताईंच्या आकड्यांत बॉडी ८०० वरून ५२० केली. बॉडी घेणारा ग्राहक बहुधा फ्लँजही घेतो. त्याला २८० बॉडी नाकारल्या आणि तो फ्लँजही दुसरीकडून घेऊ लागला तर? मिक्सचा सगळा फायदा २५,२००. फ्लँजचे काँट्रिब्यूशन १८०. फक्त १४० फ्लँज गेल्या की फायदा संपला.

मिलिंग_मास्तर

मुद्दा रास्त आहे, आकडा नाही. १४० फ्लँज गेल्या तर ७० तासही मोकळे होतात. ते बॉडीला लावले की तासाला २४० परत येतात. म्हणजे एका फ्लँजमागे खरा तोटा १८० वजा १२०, साठ रुपये. फायदा संपायला ४२० फ्लँज जाव्या लागतील.

विक्री_वारा

मोकळे तास बॉडीला लावणार, पण ती बॉडी विकणार कोणाला? न पुरवलेली मागणी त्याच ग्राहकाची होती आणि तोच निघून गेला. ते तास रिकामेच राहतील. १४० च बरोबर.

मिलिंग_मास्तर

त्या २८० बॉडी एकाच ग्राहकाच्या असतील तर तुमचे बरोबर. अनेकांच्या असतील तर माझे. अनुजाताईंनी मागणीची फोड ग्राहकवार दिलेली नाही.

अनुजा_क

मोठा ग्राहक एकच आहे, पण त्याच्याशी करार ४०० बॉडींचा आहे आणि तो आम्ही पूर्ण करतो. बाकीच्या बॉडी चार-पाच जणांत विखुरल्या आहेत. त्यांतले फ्लँज कोण किती घेतो ते काढावे लागेल.

दरम्यान ३४,२०० ची फोड केली. @खर्चवही यांच्या पद्धतीने फ्लेक्स केलेले आणि प्रत्यक्ष:

माल: ६,८२,८०० ऐवजी ७,०६,०००. जास्त २३,२००.
मशीन चालवण्याचा खर्च (वीज, इन्सर्ट, कूलंट, तासाला ६० रुपये): १,१५,२०० ऐवजी १,२४,०००. जास्त ८,८००.
पॅकिंग, वाहतूक, कमिशन: १,७२,८०० ऐवजी १,७५,०००. जास्त २,२००.

धातुकाम

बुश किती लॉटमध्ये काढले? सेटिंग किती झाले?

अनुजा_क

तीस सेटिंग, लॉट साधारण ६० नगांचा. ग्राहक थोडे थोडे मागतो म्हणून. एका सेटिंगला तीन तास. बॉडीचा लॉट १०० चा, सेटिंगला वेळ तेवढाच.

धातुकाम

मग मालाचा बराच हिशोब इथेच लागतो. बुशला आतला व्यास टॉलरन्समध्ये येईपर्यंत प्रत्येक सेटिंगला पहिले तीन-चार नग जातात. चार धरले तर ३० सेटिंगला १२० नग, गुणिले १२२ रुपयांचा माल, १४,६४०. प्रमाण खर्चात सेटिंगचे रिजेक्शन धरले आहे का?

अनुजा_क

नाही. प्रमाण खर्च ड्रॉइंगप्रमाणे लागणाऱ्या बारवरून काढला आहे. रिजेक्शनचा रजिस्टर पाहिला, बुशचे ११० च्या आसपास नग सेटिंगलाच गेलेत. तुमचा अंदाज जवळचा आहे.

खर्चवही

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल, आणि ते मघापेक्षा अवघड आहे.

नव्या मिक्सने २५,२०० मिळवले हे प्रमाण खर्च खरे धरून. जुन्या मिक्सपेक्षा १,४०० बुश जास्त काढले. म्हणजे एका बुशमागे फायदा १८ रुपयांचा. ३४,२०० पैकी या १,४०० बुशमुळे झालेला जादा खर्च २५,२०० च्या वर असेल तर वरिष्ठांचे म्हणणे बरोबर आणि माझा मघाचा निकाल घाईचा. कमी असेल तर नवा मिक्सच चांगला.

सेटिंगच्या रिजेक्शनचे १४,६४० बुशचे, हे जवळपास नक्की. मशीन खर्चातले ८,८०० ही बुशचेच धरले तरी सगळ्या १,८०० बुशची बेरीज २३,४४० होते, २५,२०० च्या थोडी आत. मालातले उरलेले ८,५६० कशाचे यावर सगळे अवलंबून आहे. बारचा दर वाढला असेल तर तो सगळ्याच बार मालावर वाढला, मिक्सचा दोष नाही. बुशच्या बार-एंडची नासाडी असेल तर १,८०० बुशचे ३२,००० होतात, त्यातले १,४०० चे सुमारे २४,९००, आणि मिक्सचा फायदा जवळपास संपतो.

नफा_नोंद

फ्लेक्सिबल बजेट तर व्हेरिएबल आणि फिक्स्ड असे दोनच कप्पे करते. सेटिंगचा खर्च कोणत्या कप्प्यात?

खर्चवही

प्रश्न अगदी नेमका आहे. दोन्हींत बसत नाही. सेटिंगचा खर्च नग वाढल्याने वाढत नाही, मशीन-तास वाढल्यानेही नाही. लॉटची संख्या वाढली की वाढतो. त्यामुळे बजेटच्या शीटला तिसरा चालक हवा. माल आणि पॅकिंग नगांवर फ्लेक्स करा, वीज-इन्सर्ट प्रमाण तासांवर, सेटिंगचे रिजेक्शन सेटिंगच्या संख्येवर. हे केले असते तर पहिल्याच दिवशी १४,६४० वेगळे उठून दिसले असते.

आणि तास घेताना प्रत्यक्ष उत्पादनाचे प्रमाण तासच घ्या. मशीन खरोखर जितके तास चालली ते घेतले तर रेंगाळलेले काम बजेटच वाढवून टाकते आणि गळती दिसत नाही. ३० तास वाया गेले आणि मशीन त्या वेळी चालूच होती, तर कागदावर नुकसान तासाला ६० प्रमाणे १,८०० चे. खरे नुकसान त्याशिवाय २० बॉडींचे काँट्रिब्यूशन, ७,२००.

मिलिंग_मास्तर

सेटिंगच्या वेळेचा हिशोबही राहिलाय. तो वेळ ८० टक्क्यांच्या गठ्ठ्यात बुडवला आहे, म्हणून बुशला ०.३ तासच दिसतात. गठ्ठ्यातून काढून ज्याचा त्याच्यावर टाका. मी फक्त जाणाऱ्या नगांचा माल आणि वेळ धरतो.

६० च्या लॉटला बुश: सेटिंगचे ३ तास भागिले ६० म्हणजे ०.०५, चार नगांचा वेळ ०.०२. नगाला ०.३७ तास. काँट्रिब्यूशन ९० वजा ८.१३ म्हणजे ८१.८७. तासाला सुमारे २२१.

१०० च्या लॉटला बॉडी, सेटिंगला एक कास्टिंग जाते असे धरून: नगाला १.५४५ तास, काँट्रिब्यूशन ३५६.४०. तासाला सुमारे २३१.

म्हणजे ६० च्या लॉटमध्ये बुश बॉडीच्या मागे पडतो. तोच बुश १५० च्या लॉटमध्ये काढला तर तासाला सुमारे २६४ देतो आणि पुढे जातो. पारडे फिरते सुमारे ७० नगांवर.

एक सावधगिरी: सेटिंगचा वेळ वस्तूंवर टाकला की १,९२० हा आकडा वापरू नका. त्यात सेटिंग आधीच वजा आहे. २,४०० मधून फक्त बिघाड आणि देखभालीचा वेळ वजा करून नवा आकडा काढा, नाहीतर तोच वेळ दोनदा कापला जाईल.

शून्य_शिल्लक

म्हणजे बॉडी आधी हे माझे म्हणणे बरोबर निघाले.

मिलिंग_मास्तर

६० च्या लॉटला उत्तर जुळले, कारण वेगळे. पी/व्ही रेशोने तुम्ही फ्लँजच्याही आधी बॉडी घेतली असती. आणि लॉट १५० झाला असता तरी उत्तर बदलले नसते.

विक्री_वारा

लॉट वाढवायचा म्हणजे माल पडून राहणार. ग्राहक ६० मागतो, आपण १५० काढले तर ९० गोदामात. पैसे अडकले, त्याचे व्याज?

खर्चवही

बुशचा व्हेरिएबल खर्च १७०. ९० नग म्हणजे १५,३०० रुपये काही आठवडे अडकतील. एका सेटिंगचे तीन तास वाचले की २४० प्रमाणेच ७२० रुपये, शिवाय चार नगांचा ४८८ चा माल. व्याज याच्या खूप खाली राहील. भीती व्याजाची नाही, ग्राहकाने ड्रॉइंग बदलले तर ९० बुश भंगारात जातील याची आहे. वेगवेगळ्या मापांचे बुश किती आणि त्यांतले स्थिर किती, हे तुम्हालाच माहीत.

अनुजा_क

मापे पाच आहेत, त्यांतली दोन वर्षानुवर्षे तीच आहेत आणि साधारण निम्मे नग त्या दोघांचे. ती दोन १५० च्या लॉटमध्ये घेता येतील. उरलेली तीन ६० मध्येच राहतील, म्हणजे वरच्या हिशोबाने ती बॉडीच्या मागे जातात. तेव्हा पूर्ण जुना मिक्सही नको आणि पूर्ण नवाही नको, असे दिसते.

स्टोअरला इन्सर्टचा इश्यू पार्ट नंबरवार लिहायला सांगितले आहे, ८,८०० कुठे गेले ते त्यातून कळेल. मालातल्या ८,५६० साठी बारची खरेदी बिले आणि बार-एंडचे वजन घेते आहे. तीन छोट्या मापांचे दर वाढवून मागितले तर किती मागावे?

विक्री_वारा

बॉडीच्या २३१ ची बरोबरी करायला ०.३७ तासाला ८५.५० लागतात. आत्ता ८१.८७ मिळतात. नगाला चार रुपये वाढवून मागा, २६४. पण सरसकट नको, ६० चा लॉट घेणाऱ्यालाच. १५० एकदम उचलणार असेल तर जुना २६० चाच दर ठेवा. त्याला निवड करू द्या.

धातुकाम

चार रुपयांच्या आधी सेटिंगचे तीन तास का लागतात ते बघा. सॉफ्ट जॉ दर वेळी नव्याने बोअर करत असाल तर प्रत्येक मापाचे जॉ वेगळे ठेवा आणि टूल ऑफसेट मापवार लिहून ठेवा. दीड तासावर आले आणि जाणारे नग दोनवर आले तर ६० च्या लॉटलाही बुश तासाला सुमारे २५६ देतो. मग दरही वाढवायला नको.

अनुजा_क

जॉ दर वेळी बोअर करतात, हो. पाच मापांचे जॉ सेट बनवायला किती तास जातील ते उद्या टूल रूमला विचारते आणि आकडे इथेच टाकते.